निम्म्या वाटेवर योजनेला लागलेली कात्री

दुसरी पंचवार्षिक योजना एप्रिल १९५६ मध्ये सुरू झाली तेव्हा सरकारी खर्चाचा आकडा होता ४,८०० कोटी रुपयांचा. मे १९५८ मध्ये, म्हणजे दोन वर्षं सरून तिसरं नुकतंच लागलं असताना, राष्ट्रीय विकास परिषदेपुढे नियोजन आयोगाचा हिशेब आला. उरलेल्या काळातलं सगळं धरूनही हाती येतील असे पैसे होते ४,२६० कोटी. परिषदेने योजनेचे दोन भाग केले. ४,५०० कोटींचा ‘अ’ भाग काहीही करून पार पाडायचा आणि ३०० कोटींचा ‘ब’ भाग पैसे मिळाले तर हाती घ्यायचा. अर्धी वाट चालून झाल्यावर योजना कशी तपासावी आणि तपासताना काय हातून निसटतं, हे समजून घ्यायला आपल्या इतिहासात याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

टंचाई एक नव्हती, दोन होत्या. एक रुपयांची आणि दुसरी परकीय चलनाची. आधी भडकली ती दुसरी. युद्धकाळात इंग्लंडकडे साचलेल्या आपल्या स्टर्लिंग शिलकीतून पाच वर्षांत मिळून २०० कोटी रुपये काढावे लागतील, असा योजनेचा अंदाज होता. तेवढी रक्कम पहिल्याच वर्षात संपली आणि दोन वर्षांत गंगाजळी सुमारे ४८० कोटींनी आटली. नोटांच्या पाठीशी किमान ४०० कोटींचे परकीय रोखे आणि ११५ कोटींचं सोनं ठेवावं, असा कायदा १९५६ मध्येच झाला होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये वटहुकूम काढून ही मर्यादा खाली आणावी लागली. पुढच्या दुरुस्तीत ती सोनं धरून एकूण २०० कोटींवर आली, आणि आजही तीच आहे.

इतक्या लवकर हे कसं झालं? सुवेझ कालवा बंद पडून जहाजभाडं वाढलं, धान्याची आयात वाढली, संरक्षणाची खरेदी वाढली, ही कारणं खरीच आहेत. पण हिशेबातली खरी फट आयात परवान्यांत होती. कारखानदाराला आज परवाना मिळाला की तो परदेशातल्या कंपनीकडे यंत्राची मागणी नोंदवणार, ते यंत्र तयार व्हायला वर्षभर किंवा जास्त लागणार, मग ते जहाजावर चढणार आणि तेव्हा कुठे पौंड-डॉलर चुकते होणार. योजनेच्या सुरुवातीला परवाने मोकळ्या हाताने वाटले गेले. त्या वेळी गंगाजळी भरलेली दिसत होती, कारण बिलं अजून यायची होती. वाटलेल्या परवान्यांपैकी किती रकमेचं देणं अजून उभं आहे, याची धड मोजणी कुठेच होत नव्हती. त्यामुळे जानेवारी १९५७ मध्ये परवाने आवळले तरी वर्षभर गळती सुरूच राहिली. चालू योजनेची तपासणी करायची तर झालेल्या खर्चापेक्षा आधी शब्द देऊन बसलेल्या खर्चाची यादी लागते. ती यादी तेव्हा तयार नव्हती.

चलनाच्या टंचाईवर १९५७ मध्ये काढलेला तोडगा म्हणजे योजनेचा ‘गाभा’. पोलाद, कोळसा, रेल्वे, बंदरं आणि त्यांच्याशी जोडलेले वीजप्रकल्प यांना परकीय चलन आधी मिळणार, बाकीच्यांनी थांबायचं. निवडीला तर्क होता. रुरकेला, भिलाई आणि दुर्गापूर इथले पोलाद कारखाने अनुक्रमे जर्मन, सोव्हिएत आणि ब्रिटिश मदतीने उभे राहत होते, करार झाले होते, यंत्रं निघाली होती. कोळसा नसेल तर पोलाद नाही आणि वॅगन नसतील तर कोळसा जागेवरून हलत नाही. इथे हात आखडला असता तर आधी घातलेला पैसाही अडकून पडला असता.

मे १९५८ च्या छाटणीत मात्र प्रश्न रुपयांचा होता, आणि तिचे आकडे शेजारी ठेवून वाचले की चित्र बदलतं. शाळा, दवाखाने, घरं या समाजसेवांची तरतूद ९४५ कोटींवरून ८१० कोटींवर आली. पाटबंधारे आणि वीज ९१३ वरून ८२० वर, ग्रामोद्योग आणि लघुउद्योग २०० वरून १६० वर. मोठे उद्योग आणि खाणी यांची तरतूद तेवढी ६९० वरून ७९० कोटींवर चढली. उद्योगांना वेग दिला, असं कुणालाही यावरून वाटेल. तसं नव्हतं. कामं तीच होती, ती महाग झाली होती. त्याच यादीतली कामं सगळी करायची तर ८८० कोटी लागतील, असा नवा अंदाज होता. म्हणजे ७९० कोटींत शंभर कोटींची वाढही होती आणि नव्वद कोटींची काटछाटही. रुपयांचा आकडा वाढला म्हणजे काम वाढलं, असं धरणाऱ्याची तपासणी इथेच फसते. त्याने टन आणि किलोवॉट विचारले पाहिजेत.

समाजसेवांवर कात्री का चालली, याचं माझ्या मते उत्तर एवढंच, की ती तिथे सहज चालत होती. गावात बांधायच्या शाळेसाठी परदेशी कंपनीशी करार झालेला नसतो, ती रद्द केली तर कुणी भरपाई मागत नाही. ती रद्द करून परकीय चलन जवळजवळ वाचत नाही, कारण विटा, चुना आणि मास्तरांचा पगार यांना डॉलर लागत नाहीत. रुपये तेवढे वाचले, तेही खरेच हवे होते. पण काय कमी गरजेचं आणि काय थांबवायला सोपं, हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या जागी बसलं.

गाभ्याचं फळ मिळालं, पण अर्धं. फेब्रुवारी १९५९ मध्ये रुरकेला आणि भिलाईच्या पहिल्या झोतभट्ट्या सुरू झाल्या, डिसेंबरमध्ये दुर्गापूरची. तरी १९६०-६१ साली तयार पोलाद निघालं सुमारे २४ लाख टन, आणि लक्ष्य होतं ४३ लाख टनांचं. विजेचं ६९ लाख किलोवॉटचं लक्ष्यही बरंच दूर राहिलं. परदेशी मदतीशिवाय एवढंही झालं नसतं. ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेने वॉशिंग्टनला अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, जपान आणि कॅनडा यांना एकत्र बसवलं आणि मार्च १९५९ पर्यंतच्या गरजेसाठी सुमारे ३५ कोटी डॉलरची आश्वासनं मिळवली. आपल्या कोयनेलाही १९५९ मध्ये याच बँकेचं अडीच कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, आणि तिथली वीज १९६२ मध्ये सुरू झाली.

मला सर्वांत जास्त खटकतं ते खतांचं. गाभ्याच्या यादीत खत कारखाने नव्हते. चलन आणणारं किंवा वाचवणारं काय, असा प्रश्न त्या यादीला विचारला असता तर नत्रखत पोलादाच्या बरोबरीने बसलं असतं, कारण धान्याची आयात हीच चलनाची मोठी गळती होती आणि एक टन नत्र शेतात पडलं तर धान्य त्याच्या कित्येक पट वाढतं. धान्याचं लक्ष्य तर योजना सुरू झाल्यावर वाढवलंही होतं, १ कोटी टनांच्या वाढीवरून सुमारे दीड कोटीवर. म्हणजे पिकाकडून अपेक्षा वाढवली आणि पिकाला लागणारं खत मागे ठेवलं. वर्षाला २ लाख ९० हजार टन नत्राचं लक्ष्य होतं. १९६०-६१ मध्ये उत्पादन लाखाच्या आसपास राहिलं. नांगल १९६१ मध्ये सुरू झालं, रुरकेल्याचा खत विभाग त्याच्याही नंतर.

मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी अमेरिकेशी पी.एल. ४८० खाली करार केला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ यायचा होता, आणि किंमत रुपयांत द्यायची असल्यामुळे गंगाजळीला धक्का लागणार नव्हता. गव्हाची जहाजं मुंबई बंदराला लागू लागली. त्याच मुंबईत, तुर्भ्याला, खत कारखान्यातून माल बाहेर पडायला १९६५ साल उजाडलं.