घरी जाऊन शिकवणीची फी कशी काढाल?

समजा, तुम्ही छावणीत राहता आणि गारखेड्याला एका मुलाला शिकवायला जाता. शिकवणं एक तास. पण जाण्या-येण्यात एक तास आणि तयारीत पंधरा मिनिटं जातात. म्हणजे तुमचे सव्वादोन तास खर्ची पडले. आपल्या वेळेचे तासाला १२० रुपये धरले तर २७० होतात. पेट्रोलचे ३० मिळवा, झाले ३००. (शाळेत नोकरी असेल तर हा हिशेबच नको, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे.)

पालक म्हणतील, "दुसरे सर तर महिन्याला २००० च घेतात." महिन्याचे वीस तास धरले तर हे तासाला १०० पडतात. पण मुलं सरांच्याच घरी जातात का आणि किती जण असतात, तेवढं विचारा.

३०० जड वाटत असतील तर त्याच इमारतीतली, त्याच इयत्तेची आणखी दोन मुलं घ्या. तयारी अर्ध्या तासावर जाईल, एकूण ३३० होतील, म्हणजे प्रत्येकी ११०. इयत्ता वेगळ्या असल्या तर हा हिशेब बसत नाही. आणि एक मूल सोडून गेलं तर हातात २२० च येतात, प्रवास मात्र तेवढाच राहतो. म्हणून फी मुलामागे न ठरवता पूर्ण गटाची ३३० ठरवा, आणि मूल कमी झालं तर ती उरलेल्यांत वाटली जाईल हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा.