मुदत ठेवीचा खरा परतावा

मुदत ठेवीवर बँक सांगते तो व्याजदर आणि ठेवीदाराची खरेदीशक्ती प्रत्यक्षात जितकी वाढते तो दर, हे दोन निराळे आकडे आहेत. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत तीन पायऱ्यांनी जाता येते.

पहिली पायरी व्याजाची. बँका सहसा दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवतात. त्यामुळे 1 लाख रुपये 7 टक्क्यांनी एका वर्षासाठी ठेवले, तर 7,000 नव्हे, 7,186 रुपये व्याज मिळते.

दुसरी पायरी कराची. हे व्याज ठेवीदाराच्या इतर उत्पन्नात मिळवले जाते आणि त्याच्या टप्प्याच्या दराने त्यावर प्राप्तिकर लागतो. 30 टक्क्यांच्या टप्प्यात 4 टक्के उपकर धरून हा दर 31.2 टक्के होतो. म्हणजे कर 2,242 रुपये आणि हाती 4,944. इथे अनेकांची गफलत होते. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, किंवा 10 टक्के कापला म्हणजे कर फिटला, असे मानले जाते. टीडीएस हा केवळ आगाऊ कापलेला कर असतो. उरलेला कर विवरणपत्र भरताना द्यावाच लागतो. उलट ज्याचे उत्पन्न करपात्र नाही, त्याचे सगळे व्याज त्याच्याकडेच राहते.

तिसरी पायरी महागाईची. ती वर्षाला 4 टक्के असेल, तर वर्षापूर्वी 1 लाखात येणाऱ्या वस्तूंना आता 1,04,000 रुपये पडतात. म्हणून हाती आलेल्या 1,04,944 रुपयांना 1.04 ने भागायचे. उत्तर येते सुमारे 1,00,908. जुन्या किमतींच्या हिशेबाने वाढ झाली 908 रुपयांची, म्हणजेच खरा परतावा 0.91 टक्का. महागाई 5 टक्के धरली, तर तो शून्याच्याही किंचित खाली जातो.

सातातून चार वजा करून तीन टक्के सुटले, हा हिशेब फसतो, कारण कर संपूर्ण व्याजावर लागतो. महागाईची नुसती भरपाई करणारा भागही त्यातून सुटत नाही. म्हणूनच व्याजदर वाढले की ठेवीदाराचा फायदा होतोच असे नाही. व्याज 10 टक्के आणि महागाई 7 टक्के असेल, तर फरक तेवढाच, तीन टक्क्यांचा. पण व्याजाच्या 10,381 रुपयांतून 3,239 रुपये करात जातात. उरलेल्या 1,07,142 रुपयांना 1.07 ने भागल्यावर 1,00,133 येतात. खरी वाढ जेमतेम 133 रुपये.

या हिशेबातला सर्वांत सैल आकडा महागाईचा. जाहीर होणारा ग्राहक किंमत निर्देशांक देशभरच्या सरासरी खर्चावर बेतलेला असतो. ज्या घरात औषधे किंवा शाळेची फी यांवरचा खर्च मोठा आहे आणि त्या किमती सरासरीपेक्षा वेगाने चढत आहेत, तिथे खरा परतावा याहून कमी भरतो. शिवाय ठेव ठेवताना पुढच्या वर्षाची महागाई ठाऊक नसते. म्हणून 4, 5 आणि 6 टक्के असे तीन आकडे धरून हिशेब केला, तर निदान खऱ्या परताव्याची कक्षा तरी कळते.