संकेतस्थळामागे कोण उभे आहे?

लॅटरल रीडिंग म्हणजे संकेतस्थळ कितपत विश्वासार्ह आहे, हे त्याच पानावर न शोधता नव्या टॅबमध्ये बाहेरच्यांकडून जाणून घेणे. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये 10 इतिहासकार, 10 तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थ्यांचे वाचन जवळून पाहिले. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा बोधचिन्ह, भारदस्त नाव आणि संदर्भसूचीला भुलले. तपासनीस मात्र पान लगेच सोडून इतरत्र गेले.

हिंजवडीतल्या संशोधक विद्यार्थ्यांपुढे बोलणाऱ्या ग्रंथपालाला अशी तपासणी का हवी याचे उदाहरण जवळच सापडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली 1009 नियतकालिके तपासली. त्यांतली फक्त 112 निकषांवर टिकली. अनेकांनी पत्ता किंवा संपादकांची नावेच दिली नव्हती, तर काहींचे आयएसएसएन क्रमांक चुकीचे होते. पुढे खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक उचलून उभारलेली बनावट संकेतस्थळेही आढळली.

अशा बनावट स्थळाची तपासणी व्याख्यानात पडद्यावर करून दाखवता येते. समजा, एखादे त्रैमासिक 1975 पासून निघत असल्याचे सांगते. पहिल्यांदा त्याचे नाव अवतरणचिन्हांत घालून आणि त्याचे स्वतःचे स्थळ वगळून शोध घ्यायचा:

```
"नियतकालिकाचे नाव" -site:example.org
```

त्यानंतर portal.issn.org वर क्रमांक टाकून त्यापुढे नोंदलेले नाव आणि प्रकाशक जुळतात का, ते पाहायचे. क्रमांक खरा निघाला म्हणजे काम संपले नाही, कारण बनावट स्थळ खराच क्रमांक वापरते. शिवाय आयएसएसएन ही ओळख आहे, दर्जाची हमी नाही. तिसरी पायरी म्हणजे डोमेनची नोंदणी. जुन्या त्रैमासिकाचे डोमेन गेल्याच वर्षी घेतलेले असेल तर संशय बळावतो. एकाच अंकात संस्कृतपासून यंत्र अभियांत्रिकीपर्यंत शेकडो लेख दिसले आणि चार दिवसांत प्रसिद्धीची हमी मिळत असली, तर तो आणखी पक्का होतो.

डोमेनच्या तारखेवर मात्र निकाल देता येत नाही. खरी नियतकालिकेही पत्ता बदलतात आणि नोंदणीत मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. नावाचा शेवटही नीट वाचावा लागतो: .ac.in शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहे, .org मात्र कोणालाही मिळते. म्हणून शेवटचा पुरावा मूळ प्रकाशकाकडून घ्यायचा. ग्रंथालयातल्या छापील अंकावरील पत्ता आणि संकेतस्थळ पाहायचे, किंवा प्रकाशक संस्थेच्या अधिकृत स्थळावरून नियतकालिकाकडे जाणारा दुवा शोधायचा. या दोन्हींपैकी एकही वाट संशयित स्थळापर्यंत पोहोचत नसेल, तर तिथला लेख संदर्भ म्हणून वापरू नये आणि आपला लेखही तिथे पाठवू नये.