‘झिरो शुगर’ सांगूनही गोडच

बबल टीच्या दुकानात चहा निवडला की पुढचा प्रश्न येतो, साखर किती टक्के? शंभर, सत्तर, पन्नास, तीस की शून्य? ही पद्धत तैवानची. हे पेयही तिथलेच, 1980च्या दशकातले. पण हा आकडा पेल्यातल्या सगळ्या साखरेचा नसतो. तो फक्त चहात वेगळ्या घालायच्या पाकाचा असतो.

पाचशे मिलिलिटरच्या एका पेल्याचा ढोबळ हिशेब मांडू. प्रत्येक दुकानाचे माप वेगळे, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. शंभर टक्के गोडीसाठी साधारण 40 ग्रॅम पाक धरला, तर त्यात 30 ग्रॅम साखर, म्हणजे 120 कॅलरी. दुधाऐवजी 25 ग्रॅम क्रीमर पावडर घातली, तर आणखी 130. तिच्यात मुख्यतः वनस्पती तेल आणि वाळवलेला ग्लुकोज सिरप असतो.

आता तळाचे काळे मोती. ते टॅपिओकाच्या पिठाचे, आणि आपला साबुदाणाही त्याच कंदाच्या पिठातून होतो. मोती अर्धा तास उकळून मुरवले की ते ब्राऊन शुगरच्या पाकात टाकून ठेवतात. पाकामुळे चव येते आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत. पण काही तासांत पिठाची घडण बदलून ते आतून कडक होतात, म्हणून चांगले दुकानदार जुने मोती टाकून देतात. पेल्यातल्या मोत्यांत 25 ग्रॅम पिष्ट आणि 12 ग्रॅम मुरलेली साखर धरली, तर झाल्या सुमारे 150 कॅलरी.

बेरीज 400 कॅलरी आणि 42 ग्रॅम साखर, म्हणजे दहा चमचे. क्रीमरमधला सिरप यात धरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास, वरून घातलेली साखर सुचवते.

आता ‘अर्धी साखर’ सांगून पाहा. पाकातली 15 ग्रॅम साखर गेली, तरी 27 ग्रॅम उरली आणि कॅलरी झाल्या 340. ‘शून्य’ सांगितले तरी 12 ग्रॅम साखर आणि 280 कॅलरी राहतातच. शिवाय मोत्यांचे पिष्ट साखरेच्या आकड्यात दिसत नाही, पण आतड्यात त्याचे ग्लुकोजच होते. मधुमेह असलेल्यांनी म्हणूनच ‘शून्य साखर’ या शब्दांवर विसंबू नये.

खरी बचत दोन सूचनांनी होते. मोती अर्धेच घाला, आणि पावडरऐवजी थोडे साधे दूध घाला. शून्य पाकासह मोती पूर्ण गाळले, तर याच पेल्यात क्रीमरच्या 130 कॅलरीच उरतात. अर्थात मग तो बबल टी राहत नाही, नुसता थंड दुधाळ चहा होतो. मोती हवेच असतील, तर ते ठेवून पाक बंद करणे हा त्यातल्या त्यात बरा सौदा, कारण गोडी मोत्यांतून येतेच.