‘एवढी’ म्हणजे केवढी?

आमच्या वहिनी ६८ वर्षांच्या. मधुमेह जुना. जानेवारीत त्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आल्या, तेव्हा बाईंना विचारून पुतण्याने सगळे बोलणे मोबाईलवर टिपून घेतले. बावीस मिनिटे! कसब्यातल्या घरी परतल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, एवढ्या कादंबऱ्या लिहिता, याचं एक पान करून द्या.”

पहिल्यांदा पेन हातात न घेता ऐकले, हे बरेच झाले. चौथ्या मिनिटाला बाई म्हणतात, दुपारी दोन फुलके आणि वाटीभर भात. सतराव्या मिनिटाला वहिनी सांगतात की रात्रीही भात असतोच. त्यावर बाई म्हणतात, “मग दुपारचा भात काढा, रात्री एवढी वाटी घ्या.” घाईने लिहिले असते तर दोन्ही वेळचा भात कागदावर चढला असता. बँकेतही दुरुस्तीचे व्हाउचर शेवटी येई.

पण ‘एवढी’ म्हणजे केवढी? टेबलावरची वाटी आवाजात कशी दिसणार? शेवटी बाईंना फोन केला. दीडशे मिलिलिटरची. औषधाच्या मापाने पाणी ओतून आमची वाटी मोजली, तर दोनशेवीस! म्हणजे जवळजवळ दीडपट भात. मग दीडशे मावणारी वाटी शोधली आणि ‘छोटी स्टीलची, काठापर्यंत’ असे लिहिले.

वर्ज्य पदार्थांत मी दोन रकाने केले. साखरेचा चहा, फळांचा रस, साबुदाणा हे ‘बंद’. आंबा ‘मोजून’: दोन फोडी, तोही जेवणाला जोडून नाही. बाईंनी आंबा बंद केलाच नव्हता. आपल्याला मात्र मधुमेह म्हटले की सारेच बंद लिहायची सवय.

खरी मेख साखरेत होती. वहिनींच्या गोळीने साखर फार उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर आली आणि यंत्रावर आकडा ७० च्या खाली दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, असे बाईंनी बजावले होते. नुसते ‘साखर बंद’ वाचून घरातल्यांनी तेव्हा डबा उघडला नसता. हे वाक्य त्याच रकान्याखाली लाल शाईने घातले.

‘तीन महिन्यांनी या’ याची तारीख केली: १३ एप्रिल २०२६. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, म्हणून रक्त त्याआधी चार दिवस द्यायचे, हेही लिहिले.

वहिनींनी कागद फळीला चिकटवला आणि विचारले, “संकष्टीचं काय हो?” पुन्हा ऐकले. उपासाचा विषय निघालाच नव्हता. उपाशीपोटी ती गोळी घ्यायची की नाही, हे मी माझ्या मनाने कसे लिहू? तळाशी एक ओळ टाकली: ‘उपास – डॉक्टरांना विचारायचे.’ संकष्टी गुरुवारी होती. फोन बुधवारीच केला.