टी-रेषेची वाट पाहताना

पहाटे ५.३०. पालघरहून बोईसरची गाडी. पाठीवर थंड डबा, त्यात जेलच्या पिशव्या, ट्यूबा आणि युरिनच्या डब्या. विमा कंपन्यांच्या मेडिकलसाठी घरोघर जाऊन नमुने घेणं हा माझा धंदा. साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी रक्त उपाशीपोटी लागतं, म्हणून दिवस अंधारातच सुरू होतो.

७.१५. पाम. रिक्षावाल्याने वळणावर सोडलं. घरचा मुलगा तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर, वय ३४, रात्रपाळी करून नुकताच आलेला. ओटीवर त्याची आई मशेरी लावत बसली होती. आधार कार्ड पाहिलं, फोटो काढला, सही घेतली. फॉर्मवर एजंटने ‘तंबाखू: नाही’ असं आधीच लिहून ठेवलेलं.

“दीड वर्ष झालं, दादा, सिगारेटला हात नाही,” तो म्हणाला आणि आईच्या डबीतून चिमूटभर मशेरी घेऊन दाताला लावली.

मी विचारलं, “आणि हे?”

“हे काय व्यसन आहे का? दात घासतोय.”

मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, धूर लागत नाही. फॉर्ममधला प्रश्न सिगारेटचा नव्हताच, गेल्या १२ महिन्यांत तंबाखू किंवा निकोटिन कोणत्याही रूपात घेतलं का, असा होता. फॉर्म बदलणं माझ्या हातात नाही. एजंटला आत्ताच फोन करा, एवढं सांगितलं आणि नमुने घेतले. युरिनची डबी हाताला कोमट लागते का, हे मी आधी बघतो. कुणी नळाचं पाणी मिसळलं असेल तर तिथेच कळतं. भरपूर पाणी पिऊन पातळ केलेली युरिन मात्र हाताला कळत नाही, ती लॅबमध्ये क्रिएटिनिन कमी आलं की उघडी पडते.

११.००. बोईसरचं सेंटर. आज दोन नवीन मुलं शिकायला आलीत. कोटिनिन तपासायच्या कार्डावर युरिनचे तीन थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो. सी-रेषा उमटली, टी-रेषा नाही.

“निगेटिव्ह,” एकजण म्हणाला.

सगळे इथेच फसतात. या कार्डावर टी-रेषा उमटली, मग ती फिकी का असेना, तर निगेटिव्ह. उमटली नाही तर पॉझिटिव्ह. टी-पट्टीवर कोटिनिन आधीच चिकटवलेलं असतं आणि रंगीत अँटिबॉडी त्याला धरायला धावते. युरिनमध्येच पुरेसं कोटिनिन असलं की अँटिबॉडी वाटेतच अडकते, पट्टी कोरी राहते. सी-रेषाच आली नाही तर कार्ड बाद. आणि दहा मिनिटांनंतर वाचलेलं कार्ड मी मानत नाही.

निकोटिन सोडून कोटिनिन का मोजायचं? निकोटिन दोनेक तासांत अर्धं होतं, रात्री ओढलेली सिगारेट सकाळी रक्तात जेमतेम सापडेल. यकृत त्याचंच कोटिनिन करतं आणि ते अर्धं व्हायला सुमारे १६ तास घेतं.

१.३०. डबा खाताना पामवाल्याचा फोन. “आठवडाभर थांबलो असतो तर?”

हिशेब सोपा आहे. आमच्या कार्डाची मर्यादा मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम. युरिनमध्ये १६०० असतील तर १६ तासांनी ८००, ३२ तासांनी ४००, ४८ तासांनी २००. म्हणजे मशेरी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत कार्ड बहुधा कोरं राहणार नाही. रोज भरपूर खाणाऱ्याला आठवडाही लागू शकतो, ज्याचं यकृत हळू काम करतं त्याला जास्त. घरात कुणी ओढत असेल, तर त्या धुराने एवढा आकडा सहसा गाठला जात नाही.

“म्हणजे सुटलो असतो,” तो हसला.

चाचणीतून, हो. पण फॉर्म बारा महिने विचारतो आणि चाचणी सहसा फार तर गेला आठवडा सांगते. कंपनी ती लावते कारण तंबाखू घेणाऱ्याचा हप्ता बराच जास्त असतो आणि प्रत्येकाच्या शब्दावर तो ठरवता येत नाही. तरी चाचणी विडी, गुटखा, मशेरी यांत फरक करत नाही, दिवसाला किती तेही सांगत नाही. सिगारेट सोडायला निकोटिनचं च्युइंगम चघळणाराही पॉझिटिव्हच येतो. च्युइंगम की तंबाखू, हे हवं असेल तर अ‍ॅनाबेसिन तपासावं लागतं. ते तंबाखूत असतं, च्युइंगममध्ये नसतं.

४.००. रक्ताच्या ट्यूबा मुंबईच्या लॅबकडे रवाना. पॉझिटिव्ह कार्डांचा नेमका आकडा तिथून येईल, कार्ड ही फक्त चाळण.

६.१०. परतीच्या गाडीत त्याचा मेसेज: एजंट म्हणतो राहू दे, काही होत नाही.

पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत दावा आला, तर कंपनी खोट्या माहितीवरून ती रद्द करू शकते, विमा कायद्याचं कलम ४५ तेवढी मुभा देतं. तेव्हा दारात एजंट नसतो, आई असते. मी उत्तर टाइप केलं: फॉर्मवर तुमची सही आहे, भाऊ, एजंटची नाही. आजच कंपनीला मेल करून ‘मशेरी, रोज’ असं लिहून कळवा.