सिमेंट गेलं कुठे, हे वाळू सांगते

बांधकामावर सिमेंट जास्त लागलं, हे ठेकेदाराला बहुतेक वेळा काम संपल्यावर कळतं. एस्टिमेटमध्ये अख्ख्या इमारतीच्या बॅगा मांडलेल्या असतात आणि निम्मं काम होईपर्यंत त्या आकड्यापुढे सगळं ठीकच दिसतं. म्हणून तुलना करायची ती त्या आठवड्यात प्रत्यक्ष झालेल्या कामाशी.

समजा, एका आठवड्यात ४०० चौरस मीटर आतलं प्लास्टर झालं. जाडी १२ मिलिमीटर, मसाला एकास चार. सांध्यांत भरला जाणारा मसाला धरून १०० चौरस मीटरला साधारण ११ बॅगा लागतात, म्हणजे ४४ बॅगा हव्यात. वाळू दोन ब्रासपेक्षा जरा जास्त. आता गोदामाचा हिशोब बघा. सोमवारी सकाळी ६० बॅगा होत्या, आठवड्यात १०० आल्या आणि शनिवारी संध्याकाळी मोजल्या तर ९२ उरल्या. खर्च झाल्या ६८, म्हणजे २४ जास्त. सांडलवंडीसाठी तीन टक्के सोडले, तरी एक-दोन बॅगांचाच फरक समजू शकतो. शनिवारी गवंड्याच्या पगारासाठी मापं घेतलीच जातात. त्याच कागदावर बॅगांचे हे दोन आकडे शेजारी लिहिले की इशारा समोर येतो.

इथे बहुतेक जण आधी चोरीचा संशय घेतात आणि स्टोअरकीपरला धारेवर धरतात. मला हे पटत नाही. आधी वाळू मोजावी. वाळूही त्याच प्रमाणात वाढून सव्वातीन ब्रासवर गेली असेल, तर मसालाच जास्त लागला आहे आणि बहुधा भिंतीवर तो जाड बसला आहे. वाळू बरोबर आणि फक्त सिमेंट जास्त असेल, तर मसाला फरम्याने न मोजता घमेल्याने अंदाजे कालवला जातोय, किंवा बॅगा दुसरीकडे गेल्या आहेत. अर्थात वाळूचा ढीग उघड्यावर असतो, त्यामुळे तिचं माप थोडं ढोबळच राहणार.

जाडीचा संशय आला की चार-पाच ठिकाणी छिन्नीने प्लास्टर फोडून मोजावं. १२ च्या जागी १८-२० मिलिमीटर निघालं, तर दोष प्लास्टरवाल्याचा नाही. वीटकाम ओळंब्यात नसतं, विटा कॉलमच्या बाहेर आलेल्या असतात आणि ती सगळी वाकडी भिंत सरळ करायला मसाला ओतावा लागतो. प्लास्टरवाल्याला मजुरी क्षेत्रफळावर मिळते. सिमेंट मालकाचं असतं, त्यामुळे जाडीबद्दल तो आपणहून बोलत नाही.

झालेल्या भिंतींचं आता काही करता येत नाही. पण वरच्या मजल्याचं वीटकाम चालू असेल, तर सोमवारी सकाळी तिथे ओळंबा लावून बघता येतो. तेवढ्यासाठी तरी हा हिशोब महिन्यावर ढकलू नका, दर शनिवारी करा.